कदर, माणसाचे कर्तृत्व आणि सुरुवातीचा कलाम : हा वाद कोणत्या क्रमाने वाचावा

माणूस जे करतो ते तो स्वतः करतो, की अल्लाहने आधीच ठरवलेले, म्हणजे कदर, त्याच्या हातून घडते? इस्लामच्या पहिल्या तीन शतकांत या प्रश्नावर बसरा, दमास्कस आणि बगदादमध्ये जो वाद झाला, त्यातून कलाम, म्हणजे श्रद्धेवरची तर्कशुद्ध चर्चा, आकाराला आली. हा वाद मराठीतून समजून घेणाऱ्याला फार लवकर थकवतो. नावे अनोळखी असतात, पंथांची नावे एकमेकांसारखी वाटतात, आणि बहुतेक ठिकाणी सगळा वाद ‘बुद्धिवादी विरुद्ध परंपरावादी’ एवढ्या एका ओळीत संपवलेला असतो. मी हा विषय कोणत्याही मदरशात किंवा विद्यापीठात शिकलेलो नाही, भाषांतरांच्या आधाराने वाचला आहे. त्याच वाटेने येणाऱ्यांचा गोंधळ कमी व्हावा म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे.

हाताशी काय हवे

- कुरआनची दोन वेगवेगळी भाषांतरे, आयतींचे क्रमांक असलेली. एक मराठी असेल तर दुसरे हिंदी किंवा इंग्रजी चालेल. एकाच भाषांतरावर हा विषय वाचता येत नाही. का, ते पाचव्या पायरीत कळेल.
- बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांतले, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांतले, ‘कदर’ हे प्रकरण.
- अबुल हसन अल् अशअरी यांच्या ‘किताब अल् लुमा’चे भाषांतर. पुढे त्यांच्या नावानेच अशअरी हा पंथ ओळखला गेला. याचे इंग्रजी भाषांतर १९५३ मध्ये बैरूतहून प्रसिद्ध झाले. पुस्तक लहान आहे आणि बरेचसे प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे.
- एक वही. पहिल्या पायरीतला तक्ता तुम्हाला शेवटपर्यंत लागणार आहे.

१. एका प्रश्नाचे तीन प्रश्न करा

‘सगळे अल्लाहच्या हातात आहे का?’ असे विचारले की उत्तरे एकमेकांत मिसळतात. वहीत तीन रकाने आखा. पहिला ज्ञानाचा: माणूस उद्या काय करणार हे अल्लाहला आधीपासून माहीत आहे का? दुसरा इच्छेचा: माणसाने केलेले पापही अल्लाहला हवे होते म्हणून घडले का? तिसरा निर्मितीचा: माणसाची कृती, म्हणजे ती हालचाल, तो शब्द, तो नकार, अस्तित्वात आणतो कोण?

प्रत्येक नव्या नावापुढे हे तीन रकाने भरा. मग लक्षात येईल की पहिल्या रकान्यावर फार थोड्या लोकांचे भांडण होते. अगदी सुरुवातीच्या काही जणांवर आरोप होता की ‘गोष्टी घडताना नव्यानेच घडतात, आधीचे ज्ञान नसते’ असे ते म्हणतात. पुढच्या मुअतझिलांनी, म्हणजे माणसाच्या जबाबदारीची बाजू घेणाऱ्या बुद्धिवादी पंथाने, मात्र अल्लाहचे पूर्वज्ञान मान्य केलेले आहे. खरे भांडण दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात आहे. ‘मुअतझिला अल्लाहला भविष्य माहीत नाही असे मानत’ असे कुठे वाचलेत, तर तो लेखक पहिल्या पिढीचे मत दुसऱ्या पिढीच्या नावावर लावतो आहे असे समजा.

मराठी वाचकासाठी इथेच आणखी एक सूचना. तिन्ही रकान्यांत कुठेही ‘प्रारब्ध’ लिहू नका. प्रारब्धामागे आधीचा जन्म आणि आधीचे कर्म असते. इथे मागचा जन्म नाही. शून्यातून निर्माण करणारा एक निर्माता आहे आणि त्याने निर्माण केलेला, एकदाच जगणारा माणूस आहे. म्हणूनच हा प्रश्न इथे इतका धारदार होतो: ज्याने माणसाला घडवले तोच त्याला जाब विचारणार आहे.

२. सुरुवात हदीसवाल्यांपासून करा

बहुतेक लेख मुअतझिलांपासून सुरू होतात आणि परंपरावादी मंडळी नुसती विरोध करणारी म्हणून नंतर येतात. त्यामुळे त्यांचे म्हणणे हट्टासारखे वाटते. आधी त्यांचेच वाचा.

इ.स. ६३९ च्या सुमारास खलिफा हजरत उमर शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघाले असता सर्ग नावाच्या ठिकाणी त्यांना कळले की पुढे प्लेगची साथ आहे. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरायचे ठरवले. तेव्हा त्यांचे सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, ‘अल्लाहच्या कदरपासून पळता?’ उमर म्हणाले, होय, अल्लाहच्या कदरपासून अल्लाहच्याच कदरकडे. आणि त्यांनी दाखला दिला: खोऱ्याच्या एका बाजूला हिरवळ आहे आणि दुसरीकडे उजाड रान आहे, तर उंट कुठेही चारलेत तरी ते अल्लाहच्या कदरनेच चारलेत ना?

दुसरी हदीस हजरत अलींकडून आलेली आहे. प्रत्येकाची जागा, स्वर्गात की नरकात, लिहून ठेवलेली आहे असे पैगंबरांनी सांगितल्यावर कुणीतरी विचारले, मग आम्ही त्यावरच विसंबून कर्म सोडून का देऊ नये? उत्तर मिळाले: कर्म करत राहा, ज्याला ज्यासाठी निर्माण केले आहे ते त्याला सोपे करून दिले जाते.

या दोन्हींत कृती आणि कदर एकत्र नांदतात, पण कशा नांदतात याचा खुलासा नाही. हदीसवाल्यांची भूमिका नेमकी हीच आहे. दोन्ही माना आणि ‘कसे’ विचारू नका, कारण ते विचारायला लागलात की दोहोंपैकी एक हातातून सुटते. ‘सहीह मुस्लिम’मधले श्रद्धेचे प्रकरण याच वादाने उघडते. बसऱ्यात माबद अल् जुहनी नावाचा माणूस कदर नाकारतो अशी बातमी घेऊन दोघे जण हजरत उमरांचे पुत्र इब्न उमर यांच्याकडे येतात, आणि इब्न उमर त्या लोकांशी आपला संबंध नसल्याचे सांगतात. हा माबद इ.स. ७०० च्या सुमारास मारला गेला. पुढे याच मताच्या, दमास्कसच्या गैलानला खलिफा हिशामच्या काळात (७२४ ते ७४३) मृत्युदंड झाला. तेव्हाच्या उमय्या खलिफांची सत्ता अन्यायी आहे, असे म्हणणाऱ्यांना ‘ही सत्ता अल्लाहच्या कदरने आली आहे’ हे उत्तर मिळत होते. त्यामुळे माणूस आपल्या कृत्याला स्वतः जबाबदार आहे, हे बोलणे तेव्हा थेट राज्यकर्त्यांपर्यंत पोचत होते.

३. पंथांची नावे कुणी दिली ते तपासा

‘कदरिया’ हे नाव कदर न मानणाऱ्यांना चिकटले, आणि ते त्यांनी स्वतः घेतलेले नाही. मुअतझिला हे नाव उलट आपल्या विरोधकांवर टाकत आणि स्वतःला ‘न्याय आणि एकत्व मानणारे लोक’ म्हणवत. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘कदरिया’ दिसले की आधी लिहिणारा कोण आहे ते पाहा.

दुसरे नाव ‘जबरिया’, म्हणजे माणसाला पूर्ण पराधीन मानणारे. हे जहम बिन सफवानला (मृत्यू ७४६) लागू होते. त्याच्या नावावर असे मत सांगतात की ‘माणूस चालतो’ हे ‘सूर्य बुडतो’सारखे केवळ बोलण्यापुरते आहे, खरा कर्ता एकच. मुअतझिला मात्र हेच नाव अशअरींना आणि हदीसवाल्यांनाही लावतात. त्यांच्यापैकी कुणीही जहमचे मत स्वीकारलेले नाही.

याच कारणाने मुअतझिलांची माहिती देणारे ग्रंथही पारखून घ्यावे लागतात. अल् बगदादी (मृत्यू १०३७) यांचा पंथांवरचा ग्रंथ सहज मिळतो, पण तो विरोधकाने लिहिलेला आहे आणि त्यातला मुअतझिला अनेकदा मूर्ख दिसतो. अशअरींचा ‘मकालात’ हा पंथांच्या मतांवरचा ग्रंथ बराच अधिक निःपक्ष आहे. ते स्वतः चाळिशीपर्यंत मुअतझिला होते, त्यामुळे आतल्या मतभेदांची त्यांना बारीक माहिती आहे. मुअतझिलांचे स्वतःचे लेखन फार काळ जवळपास हरवलेले होते. अल् खय्यात यांचा एक ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुअतझिला विद्वान काझी अब्दुल जब्बार (मृत्यू १०२५) यांच्या प्रचंड ‘मुग्नी’चे बरेच खंड येमेनमधल्या झैदी पंथाच्या ग्रंथालयांत सापडले. म्हणून त्याआधी लिहिलेल्या पुस्तकांतला मुअतझिला हा मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी सांगितलेला मुअतझिला आहे.

बसऱ्याचे विद्वान हसन बसरी (मृत्यू ७२८) यांनी खलिफा अब्दुल मलिकला लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र जरूर वाचा. माणसाच्या जबाबदारीच्या बाजूने कुरआनच्या आयतींची इतकी सलग मांडणी क्वचित सापडते. पण ते खरोखर त्यांचेच आहे का, यावर अभ्यासकांत गंभीर मतभेद आहेत. त्यातला युक्तिवाद घ्या, त्यावर तारीख ठोकू नका.

४. मुअतझिलांना ‘उदारमतवादी’ म्हणण्याआधी थांबा

वासिल बिन अता (मृत्यू ७४८) आणि अम्र बिन उबैद (मृत्यू ७६१) यांच्या बसऱ्यातल्या वर्तुळातून हा पंथ वाढला. त्यांच्या पाच तत्त्वांपैकी दुसरे तत्त्व न्याय. युक्तिवाद असा: अल्लाह अन्याय करत नाही. जे कृत्य माणसाने केलेच नाही त्याबद्दल त्याला शिक्षा देणे हा अन्याय आहे. अल्लाह शिक्षा देणार आहे. म्हणून ते कृत्य माणसाचेच असले पाहिजे, आणि ते करण्याचे किंवा न करण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे आधी असले पाहिजे.

या साखळीत ‘माणूस स्वतंत्र असावा’ अशी इच्छा कुठेच नाही. तिची सुरुवात अल्लाहच्या गुणाने होते. हे लोक माणसाचे नव्हे, अल्लाहचे निर्दोषत्व राखत होते. आणि त्याची किंमत माणसाने चुकवायची होती: महापाप करून तोबा न करता मेलेला मुसलमान कायमचा नरकात, हे त्यांचेच मत. कृत्य पूर्णपणे तुमचे, तर शिक्षाही पूर्णपणे तुमची. याच मुद्द्यावर हदीसवाले अधिक मवाळ आहेत. त्यांच्याकडे क्षमेला आणि पैगंबरांच्या शिफारशीला जागा आहे.

इथे एक ठरलेला सापळा आहे. खलिफा मामूनने ८३३ मध्ये सुरू केलेली मिहना, म्हणजे विद्वानांची सक्तीची चौकशी, आणि अहमद बिन हंबल यांना झालेला तुरुंगवास व फटके, यांचा उल्लेख कदरच्या वादात अनेक जण करतात. मिहनाचा प्रश्न होता ‘कुरआन निर्माण केलेला आहे का?’ हा. माणसे तीच असली तरी तो मुकदमा वेगळा होता. तुमच्या वहीत त्याचे पान वेगळे ठेवा.

५. एकच आयत दोन्ही बाजूंनी सोडवा

आता भाषांतरे उघडा: सुरा ३७, आयत ९५ आणि ९६. इब्राहीम आपल्या मूर्तिपूजक लोकांना विचारतात: ‘तुम्ही स्वतः कोरता त्याची पूजा करता? आणि अल्लाहने तर तुम्हाला निर्माण केले, आणि *तुम्ही करता तेही*.’

शेवटच्या तीन शब्दांवर सगळे अडते. मूळ अरबीत ‘मा तअमलून’ आहे, आणि त्याचे दोन अर्थ व्याकरणाला चालतात: ‘तुम्ही बनवता त्या वस्तू’ किंवा ‘तुमचे करणे’. दोन भाषांतरे शेजारी ठेवलीत की बहुधा अनुवादकाने तुमच्या वतीने बाजू घेतलेली दिसेल.

मुअतझिला म्हणतात, मागचीच आयत पाहा. ‘तुम्ही कोरता ते’ म्हणजे कोरण्याची क्रिया नव्हे, मूर्ती. मग लगेच पुढे अर्थ कसा बदलेल? इब्राहीम सांगत आहेत की तो दगडही अल्लाहनेच निर्माण केलेला आहे. शिवाय ‘तुमचे पूजा करणे अल्लाहने निर्माण केले’ असा अर्थ घेतला, तर इब्राहीम विरोधकांच्याच हातात सबब देतात. ते म्हणतील, तुझ्या अल्लाहनेच हे आमच्यात निर्माण केले, मग आम्हाला दोष का देतोस?

अशअरी उत्तर देतात की कुरआनमध्ये इतरत्र, उदाहरणार्थ ४६:१४ मध्ये, ‘ते करत होते त्याचे फळ’ असे म्हटले आहे, आणि तिथे शब्द हेच आहेत. फळ मूर्तींचे किंवा वस्तूंचे नसते, कर्मांचे असते. म्हणून इथेही अर्थ कर्म, आणि कर्म अल्लाहने निर्माण केलेले.

माझ्या मते संदर्भाच्या बळावर या आयतीत मुअतझिलांचे वाचन अधिक सरळ आहे. पण अशअरींचा पूर्ण पक्ष या आयतीवर उभा नाही. ‘अल्लाह प्रत्येक गोष्टीचा निर्माता’ (१३:१६) यातली ‘प्रत्येक गोष्ट’ ही त्यांची खरी आधारशिला आहे. मुअतझिलांना तिथे अपवाद काढावा लागतो, आणि तेव्हा ओढाताण त्यांच्या बाजूला दिसते. हा सराव स्वतः करून पाहा: प्रत्येक आयतीपुढे लिहा की इथे कोण सरळ वाचतो आणि कोणाला शब्द वाकवावे लागतात. एकाच बाजूच्या नावापुढे सलग खुणा होत असतील, तर दुसऱ्या बाजूच्या आयती तुम्ही अजून उघडलेल्याच नाहीत.

६. अबू लहबचे प्रकरण: सामर्थ्य कधी येते?

हा सगळ्यात कठीण टप्पा आहे, त्याला वेळ द्या. अबू लहब हा पैगंबरांचा काका आणि विरोधक. सुरा १११ सांगते की तो आगीत जाणार. तो तेव्हा जिवंत होता, आणि श्रद्धा ठेवण्याची आज्ञा त्यालाही होती.

अशअरी परंपरा विचारते: त्याने पैगंबरांनी आणलेल्या सगळ्यावर श्रद्धा ठेवायची होती. त्या सगळ्यात ‘अबू लहब नरकात जाईल’ हेही आले. म्हणजे आपण श्रद्धा ठेवणार नाही, यावर श्रद्धा ठेवण्याची त्याला आज्ञा होती. मग अशक्याची आज्ञा झालीच ना?

मुअतझिला म्हणतात, नाही. ज्ञान गोष्टीच्या मागून चालते, ते गोष्ट घडवत नाही. अबू लहब नाकारणार हे अल्लाहला माहीत होते, कारण तो नाकारणार होता. सामर्थ्य त्याच्याकडे होते. ते कृतीच्या आधी असते आणि दोन्ही बाजूंना वळू शकते, हे त्यांचे ठाम मत.

अशअरींच्या मते सामर्थ्य कृतीच्या सोबतच निर्माण होते, त्या क्षणापुरते, आणि त्या एकाच कृतीसाठी. मग नाकारणाऱ्याकडे श्रद्धेचे सामर्थ्य नसतेच. पण ‘लुमा’त ते एक भेद करतात जो वाचताना सहज निसटतो. पांगळा चालू शकत नाही ते असमर्थता आहे म्हणून. नाकारणारा श्रद्धा ठेवू शकत नाही, ते तो उलट गोष्टीत गुंतलेला आहे म्हणून. पहिल्याला जबाबदार धरता येत नाही, दुसऱ्याला येते.

आता २:२८६ वाचा. ‘अल्लाह कुणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही’ हे वाक्य मुअतझिलांचे. त्याच आयतीच्या शेवटी प्रार्थना आहे: ‘आमच्याने झेपणार नाही ते आमच्यावर लादू नकोस.’ पुढचे अशअरी लेखक विचारतात, लादणे अशक्यच असते तर ही प्रार्थना कशासाठी?

७. कस्ब समजून घ्या, आणि तो कुठे अपुरा पडतो तेही

त्याच आयतीत मधे ‘ज्याने जे कमावले ते त्याचे’ असे आहे. या कमावण्याला ‘कस्ब’ म्हणतात. कृती निर्माण अल्लाह करतो, माणूस ती कमावतो, हे सूत्र अशअरींच्या आधी दिरार बिन अम्रने मांडलेले होते. अशअरींनी (मृत्यू ९३६ च्या सुमारास) ते पक्के केले.

‘लुमा’तले उदाहरण घेऊन चला. तापाने अंग थरथरते आणि माणूस स्वतःहून येतो-जातो, या दोन हालचालींतला फरक प्रत्येकाला आतून कळतो. मुअतझिला म्हणतात की दुसरी हालचाल माझ्या हेतूप्रमाणे, माझ्या सामर्थ्याने झाली, म्हणून ती मी केली. अशअरी फरक मान्य करतात, पण दोन्ही हालचाली अल्लाहनेच निर्माण केल्या असे म्हणतात. दुसरीसोबत त्याने माझ्यात सामर्थ्यही निर्माण केले, तेवढ्याने ती माझी कमाई झाली.

माणूस कृतीचा निर्माता का नाही, याबद्दलचा त्यांचा युक्तिवाद मला आजही जोरकस वाटतो. नाकारणाऱ्याला आपला नकार चांगला असावा असे वाटते, तरी तो वाईटच असतो. कृती जशी आहे तशी ती कर्त्याच्या इच्छेनुसार झालेली नसेल, तर तिला तसे करणारा दुसरा कुणीतरी आहे.

आणि अडचण अशी की सोबत निर्माण झालेले ते सामर्थ्य काही घडवत नसेल, तर ते जबाबदारीला आधार कसा देते? अरबीत ‘अशअरीच्या कस्बपेक्षाही सूक्ष्म’ अशी म्हणच पडली. कस्ब वाचून तुमचे समाधान झाले नाही, तर समजण्यात चूक झाली असे मानू नका. थांबायचे ते इथेच, ही हरकत वहीत लिहून.

८. तीन भावांची गोष्ट शेवटी वाचा

अनेक पुस्तके याच गोष्टीने सुरू होतात. अशअरींनी आपले गुरू अल् जुब्बाई (मृत्यू ९१५ च्या सुमारास) यांना तीन भावांबद्दल विचारले: एक सज्जन, एक नाकारणारा, एक बालपणी वारलेला. बालक म्हणेल, मला मोठे का होऊ दिले नाहीस, मीही सत्कर्मे केली असती. अल्लाह म्हणेल, तू पाप करशील हे मला माहीत होते, तुझ्या भल्यासाठीच नेले. तेव्हा नरकातला भाऊ ओरडेल, मग मला लहानपणी का नेले नाहीस? जुब्बाई निरुत्तर झाले आणि अशअरींनी पंथ सोडला, असे सांगतात.

गोष्ट आपल्याला नंतरच्या पिढ्यांच्या ग्रंथांतून मिळते. शिवाय ती माणसाच्या कर्तृत्वावर घाव घालत नाही. तिचा रोख ‘अल्लाहने प्रत्येकासाठी सर्वांत हिताचे तेच केले पाहिजे’ या मतावर आहे, आणि ते मत पूर्ण रूपात बगदादच्या मुअतझिलांचे होते. बसऱ्याचे जुब्बाई ते धर्माच्या बाबींपुरते मर्यादित ठेवत. सात पायऱ्या ओलांडून आलेल्या वाचकाला हे दिसते. गोष्टीनेच सुरुवात करणारा मात्र वाद तिथेच निकालात निघाला असे धरून चालतो.

९. आपल्याकडचा धागा

मकतबमध्ये मुले ईमान-ए-मुफस्सल, म्हणजे श्रद्धेचे सविस्तर वचन, पाठ करतात, त्यात ‘चांगली-वाईट कदर अल्लाहकडून’ हा भाग असतो. दुसऱ्या पायरीत आलेल्या ‘सहीह मुस्लिम’मधल्या इब्न उमर यांच्या हदीसचाच तो वारसा आहे. पण त्याचा खुलासा सगळीकडे सारखा नाही. कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई, आणि शाफईंची कलाम-परंपरा मुख्यतः अशअरी. घाटावरचे बहुतांश हनफी, आणि त्यांची परंपरा समरकंदच्या मातुरिदींची (मृत्यू ९४४). मातुरिदीही कृतीचा निर्माता अल्लाहच मानतात, पण माणसाच्या निवडीला अशअरींपेक्षा अधिक खरे वजन देतात, आणि सामर्थ्य दोन्ही बाजूंना वळू शकते असे त्यांच्याकडे मानले जाते. सहाव्या पायरीतल्या अबू लहबच्या प्रश्नाला मातुरिदी उत्तर काय येईल, ते तुमच्या तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्यात आधी स्वतः लिहून पाहा, मग त्यांचे ‘किताब अत् तौहीद’ उघडा.